‘पाठवलास का’मधला ‘स’

‘कोड पाठवलास का?’ आणि ‘कोड पाठवला का?’ या दोन वाक्यांत फक्त एका ‘स’चा फरक आहे. समोरच्याला ‘तू’ म्हणून हाक मारणारा तो ‘स’. मुंबईच्या एका उपनगरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवते. माझ्याकडच्या एका प्रोजेक्ट ग्रुपच्या बोलण्यातून हा ‘स’ एका सोमवारी गळून पडला, आणि तो मला ऐकू आला. आदल्या आठवड्यापर्यंत ‘अगं, कोड पाठवलास का?’ म्हणणारा मुलगा टेबलावरच्या वायरींकडे बघत म्हणाला, ‘कोड पाठवला का?’ तिनेही शेजारच्या मैत्रिणीकडे बघत उत्तर दिलं, ‘ग्रुपवर टाकलाय.’ नाव नाही, अगं नाही, अरे नाही. मराठीत समोरच्याला अजिबात हाक न मारता दिवसभराचं काम उरकता येतं, आणि ते दोघं नेमकं तेच करत होते.

काय झालं होतं ते मला बऱ्याच उशिरा, दोघांकडून वेगवेगळं कळलं. शुक्रवारी संध्याकाळी स्टेशनपर्यंत चालत जाताना त्याने तिला मनातलं सांगितलं होतं. ती ‘नाही’ म्हणाली होती. दोघंही सभ्यपणे वागले होते, भांडण झालं नव्हतं. पण तारीख सप्टेंबरची होती आणि प्रोजेक्टची ओरल एप्रिलमध्ये. चौघांचा ग्रुप, एकच टेबल, एकच किट, आणि त्यात या दोघांकडे मिळून एक भाग. पाण्याच्या टाकीची पातळी सेन्सरने मोजून पंप आपोआप चालू-बंद करायचा, असा साधा विषय होता. सर्किट त्याच्याकडे, प्रोग्रॅम तिच्याकडे. एकाचं काम दुसऱ्याशिवाय तपासताही येत नव्हतं. दोघांच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून, मी हे लिहिते आहे. कारण नकारानंतर पुन्हा भेटायचंच नसेल, तर ते दुःख ज्याचं त्याला सोसता येतं. रोज समोरासमोर बसायचं असेल, तर मात्र कसं वागायचं हे कोणी शिकवत नाही.

शिकवत नाही, हे मी अगदी शब्दशः म्हणते आहे. रॉय बाउमाइस्टर आणि सारा वॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह 1993 साली एकतर्फी प्रेमावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना दोन्ही बाजूंचे अनुभव लिहायला सांगितले होते : आपण कुणाला तरी हवंसं मानलं आणि ते जमलं नाही तो, आणि कुणीतरी आपल्याला मागणी घातली व आपण नाकारली तो. नाकारणाऱ्यांच्या लिखाणातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा वर आली. आपण काय बोलायचं, कसं वागायचं हेच त्यांना समजत नव्हतं. प्रेम करणाऱ्यासाठी गाणी, सिनेमे, कादंबऱ्या यांनी भूमिका लिहून ठेवलेली असते. नकार देणाऱ्याच्या हातात मात्र कोरा कागद असतो. त्यात अपराधी भावनेची भर पडते. आपल्याकडे सगळी सहानुभूती ‘बिचाऱ्या’ विचारणाऱ्याला मिळते. पण त्या सोमवारी टेबलाशी बसलेल्या मुलीचे हातही थंड पडले होते, हे तिने मला नंतर सांगितलं.

मला तर वाटतं, नकारानंतर दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या हातातला कागदही कोराच असतो. सिनेमातला नायक नकारानंतर एकतर पिच्छा पुरवतो, नाहीतर शहर सोडून जातो. मंगळवारी सकाळी साडेदहाच्या प्रॅक्टिकलला येऊन ब्रेडबोर्डवर वायरी जोडणारा नायक मला आठवत नाही. म्हणून आमचा मुलगा त्याला ठाऊक असलेल्या दोन मार्गांपैकी त्यातल्या त्यात शहाणा वाटणाऱ्या मार्गाने गेला. तो नाहीसा झाला. सोमवार कसाबसा काढला आणि पुढची तीन प्रॅक्टिकल्स तो आलाच नाही. तिला त्रास नको म्हणून आपण दूर राहतोय, असं तो मनाशी म्हणत होता.

प्रत्यक्षात काय झालं ते पाहा. सेन्सर कधी कधी चुकीचं माप देत होता. दोष सर्किटमध्ये आहे की प्रोग्रॅममध्ये, हे दोघं एकत्र बसल्याशिवाय कळणार नव्हतं. ती एकटी तीन दुपारी त्यात घालवत राहिली. पहिला रिव्ह्यू आला तेव्हा काम अर्धं होतं, आणि परीक्षकांचे प्रश्न हजर असलेल्या तिलाच ऐकावे लागले. तो न आल्यामुळे ग्रुपमधल्या उरलेल्या दोघांनाही काहीतरी बिनसल्याचं कळलं. म्हणजे ज्या गोष्टीचा बोभाटा होऊ नये म्हणून तो दूर राहिला, ती गोष्ट त्याच्या रिकाम्या खुर्चीने सांगून टाकली. आणि नकाराची किंमत मोजली नकार देणारीने. मी याच कसोटीवर प्रत्येक पाऊल तपासते : या वागण्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातोय? विचारण्याचा निर्णय ज्याचा होता, निस्तरण्याचा मोठा वाटाही त्याने किंवा तिने उचलायला हवा. विचारणारी मुलगी असेल तरी हिशेब तोच.

चौथ्या आठवड्यात तो माझ्याकडे ग्रुप बदलून मागायला आला. कारण विचारल्यावर आधी घरापासूनचं अंतर, मग तब्येत, आणि शेवटी खरं ते सांगितलं. मी ग्रुप बदलला नाही. तेव्हा बदल केला असता तर सर्किट अर्धवट सोडून तो गेला असता आणि का गेला याचं उत्तर तिला देत बसावं लागलं असतं. जागा किंवा काम बदलायचंच असेल, तर ते कामाच्या नैसर्गिक सांध्यावर बदलावं, म्हणजे रिव्ह्यू संपल्यावर, सेमिस्टर संपल्यावर, ऑफिसात एखादं काम हातावेगळं झाल्यावर. आणि उठून जाणारा विचारणारा असावा. मी त्याला एवढंच म्हटलं, की उद्याच्या प्रॅक्टिकलला ये आणि सुरू व्हायच्या आधी तिच्याशी एक मिनिट बोल.

या एका मिनिटाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. ते बोलणं लॅबच्या दारात, येणारेजाणारे दिसतील पण ऐकणार नाहीत अशा जागी व्हावं. गच्चीवर किंवा कँटीनच्या कोपऱ्यात बोलावलं, तर समोरच्याला वाटतं की पुन्हा तेच सुरू होणार. बोलणं उभ्याउभ्या व्हावं, म्हणजे ते लांबत नाही. आणि त्यात प्रश्न नसावा. त्याने आधी मनात जुळवलेलं वाक्य होतं, ‘आपण निदान फ्रेंड्स तरी राहू शकतो ना?’ ऐकायला गोड आहे, पण हा दुसरा प्रस्तावच झाला. तिला पुन्हा उत्तर द्यायला लागतं, पुन्हा नाही म्हणायची वेळ येते किंवा भीड पडून हो म्हणावं लागतं. ‘माझं काय चुकलं?’ हाही तसाच प्रश्न. ‘सॉरी’सुद्धा एकदाच चालतं. चौथ्यांदा सॉरी म्हटलं की समोरच्याला ‘अरे, ठीक आहे’ म्हणत तुमची समजूत काढत बसावं लागतं.

त्याने शेवटी जे म्हटलं ते असं होतं : ‘त्या दिवशी तू स्पष्ट सांगितलंस, मला ते समजलंय. मी तो विषय पुन्हा काढणार नाही. मधे आलो नाही ते चुकलं, त्यात तुझं काम वाढलं. सेन्सरचं आज मी बघतो.’ ती ‘बरं’ म्हणाली. तेवढंच. यात त्याने तिच्याकडून काहीच मागितलं नाही, आणि शेवटचं वाक्य दोघांना थेट टेबलाकडे घेऊन गेलं. पुढच्या दहा मिनिटांत हाताला काय काम असेल हे ठरलेलं असणं, ही अवघडलेपणावरची मला माहीत असलेली सगळ्यात चांगली मात्रा आहे. रिकाम्या हातांनी समोरासमोर बसलेली दोन माणसं एकमेकांकडे बघायचं की नाही याचा विचार करतात. मल्टिमीटर धरलेली दोन माणसं आकडा बघतात.

दुखणं लगेच थांबलं का? नाही. त्या दिवशी मात्र सेन्सरचा दोष सापडला. एका वायरीचं सोल्डरिंग सैल होतं, आणि किट हलवलं की माप उडत होतं.

एक घोर त्याला फार होता : सगळ्यांना कळलंय, सगळे आपल्याकडे बघतात. याबद्दल कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2000 सालचा एक प्रयोग मी त्याला सांगितला. विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. बाहेर आल्यावर विचारलं, किती जणांनी चित्र ओळखलं असेल? त्यांचा अंदाज होता, निम्म्या जणांनी. प्रत्यक्षात जेमतेम पाव जणांनी ओळखलं होतं. आपली लाज आपल्याला जेवढी दिसते, तेवढी जगाला दिसत नाही. तो ऐकून घेत होता, पण मग म्हणाला, ‘मॅडम, माझ्या मित्रांना मात्र मीच सांगितलंय.’

आणि तिथे खरी अडचण होती. आपल्या कॉलेजांमध्ये एखाद्याला कोणी आवडते हे कळलं, की त्या मुलीला त्याचे मित्र ‘वहिनी’ म्हणू लागतात. कॉरिडॉरमध्ये ती दिसली की खोकला, मागच्या बाकावरून त्याच्या नावाने हाक, ‘वहिनी आल्या’. मित्रांना ती माया वाटते. त्या मुलीच्या बाजूने पाहा : तिने एकाला नाही म्हटलं, आणि दहा जण तिला रोज हो म्हणायला लावतायत. नकारानंतर हे थांबलं नाही, तर त्याने दाराशी म्हटलेल्या चार वाक्यांना काही अर्थ उरत नाही, कारण तिला वाटणार की तोच बोलवून घेतोय. हे तिने थांबवायचं नसतं, तिने डोळे वटारले तर चेव येतो. ग्रुपवर मेसेज टाकूनही थांबत नाही. टोळीतला सगळ्यात मोठ्या आवाजाचा जो मित्र असतो, त्याला एकटं गाठून सांगावं लागतं. आमच्या मुलाने चहाच्या टपरीवर त्याला सांगितलं, ‘ती नाही म्हणाली आहे आणि मी ते मानलंय. तू वहिनी म्हणालास की माझा अपमान होतो.’ ‘तिला त्रास होतो’ म्हटलं असतं तर थट्टा वाढली असती. ‘माझा अपमान होतो’ हे मित्राला कळलं.

फोनचं दुखणं वेगळं आणि गुपचूप असतं. वर्गातले तीन तास नीट जातात आणि रात्री साडेबाराला माणूस तिचं ‘लास्ट सीन’ बघत बसतो. ब्लॉक करणं हा उपाय ज्यांना पुन्हा भेटायचं नाही त्यांच्यासाठी चांगला आहे. प्रोजेक्टच्या भागीदाराला ब्लॉक केलं तर दुसऱ्या दिवशी त्याचीच चर्चा होते. त्याऐवजी व्हॉट्सॲपवरचं दोघांचं चॅट अर्काइव्हमध्ये टाकता येतं, स्टेटस म्यूट करता येतं, इन्स्टाग्रामवरही म्यूटची सोय आहे, आणि यातलं काहीच समोरच्याला कळत नाही. कामाचं प्रत्येक बोलणं चौघांच्या ग्रुपवर करायचं, खासगी चॅटमध्ये नाही, हा नियम त्या मुलाने स्वतःहून घातला. त्याचा एक फायदा त्याला आधी सुचला नव्हता. ग्रुपवर लिहिलेल्या ‘ओके’चा अर्थ फक्त ओके असतो. खासगी चॅटमधल्या ‘ओके’चा अर्थ लावत अख्खी रात्र जाते.

आता तिच्या बाजूचं. ती मला म्हणाली, ‘मी नाही म्हटलं, पण त्याला लागू नये म्हणून म्हटलं की सध्या मला करिअरवर लक्ष द्यायचंय.’ हा ‘सध्या’ मी इतक्या जणींच्या आणि जणांच्या तोंडून ऐकला आहे, की मला त्याची भीती वाटते. सांगणाऱ्याला ती फुंकर वाटते. ऐकणाऱ्याला ती तारीख वाटते. करिअर मार्गी लागलं की विचारू, प्लेसमेंट झाली की विचारू. बाउमाइस्टर यांच्या अभ्यासातही हेच दिसलं होतं : नाकारणारे मवाळ बोलले, आणि ऐकणाऱ्यांना वाटलं की आपल्याला आशा दाखवली गेली. आमच्या मुलीने दारातल्या त्या बोलण्यानंतर दोन दिवसांनी आपण होऊन दुरुस्ती केली. ‘मी सध्या म्हटलं होतं, ते तसं नव्हतं. पुढेही नाही.’ तो म्हणाला की ते ऐकून वाईट वाटलं, पण झोप मात्र त्या रात्री लागली.

स्पष्ट बोलल्यावर अपराधीपणापोटी जास्तीचं गोड वागू नये, हेही तिला कष्टाने जमवावं लागलं. डब्यातलं पूर्वी द्यायची तेवढंच द्यायचं. वाढदिवसाला पूर्वी सगळ्यांसोबत शुभेच्छा द्यायची तर तशाच द्यायच्या. आणि आलेले मेसेज, त्यांचे स्क्रीनशॉट मैत्रिणींना दाखवायचे नाहीत. एखादी जवळची मैत्रीण असावी, मन मोकळं करायला. एखादीच.

वसतिगृहात हा शेवटचा मुद्दा फार नाजूक होतो. आपल्याकडे मुलामुलींची वसतिगृहं वेगळी असतात. त्यामुळे एकाच खोलीतल्या किंवा एकाच मजल्यावरच्या कोणी मन मोकळं केलं असेल, तर बहुधा मुलीने मुलीला किंवा मुलाने मुलाला सांगितलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत असं सांगितलं, पण वसतिगृहाच्या मेसमध्ये आणि गावाकडच्या घरात ते अजून पोचायचं आहे. इथे सांगणाऱ्याने प्रेमासोबत स्वतःचं सगळ्यात मोठं गुपित दुसऱ्याच्या हातात ठेवलेलं असतं. नाही म्हणण्याचा हक्क पूर्ण आहे. पण ते गुपित रेक्टरला, पालकांना, शेजारच्या खोलीला सांगण्याचा हक्क त्यासोबत येत नाही. एका खोलीत राहणं जड जात असेल, तर दिव्याचं किंवा अभ्यासाच्या वेळांचं कारण देऊन सत्राच्या शेवटी खोली बदलून मागता येते, आणि अशा अर्जात याहून जास्त लिहावं लागत नाही. तोवर कपडे बदलणं, दिवा बंद करणं, रात्री किती बोलायचं अशा बारीक गोष्टी दोघींनी एकदा स्पष्ट ठरवून घेतल्या की त्या खोलीत श्वास घेता येतो.

ऑफिसात अवघडलेपणाला पगार चिकटलेला असतो. बरोबरीच्या सहकाऱ्यांत वर लिहिलेलं बहुतेक लागू पडतं. वरिष्ठाने हाताखालच्या व्यक्तीला विचारलं असेल, तर मात्र गोष्ट बदलते. नाही म्हणणाऱ्या व्यक्तीला त्यानंतरची प्रत्येक रजा, प्रत्येक मूल्यमापन शंकेने पाहावं लागतं. व्हनेसा बोन्स आणि लॉरेन डीव्हिन्सेंट यांनी अशा प्रसंगांचा अभ्यास केला, तेव्हा विचारणाऱ्यांना एक गोष्ट फार कमी वाटत होती : समोरच्याला नाही म्हणणं किती जड गेलं असेल. ‘तिला वाटलं असतं तर तिने सरळ सांगितलं असतं’ असं वरिष्ठ मनापासून मानतात, आणि तिला सरळ सांगता येत नसतं. अशा वेळी वरिष्ठाने तिच्या मूल्यमापनातून बाजूला होणं आणि ते काम दुसऱ्याकडे सोपवणं, एवढं तरी करायला हवं.

आणि अवघडलेपण कुठे संपतं, त्रास कुठे सुरू होतो, हेही ओळखता यायला हवं. अवघडलेपण आठवड्यागणिक कमी होतं. त्रास वाढत जातो : तो विषय पुन्हा निघतो, वाटेत थांबणं सुरू होतं, नव्या नंबरवरून मेसेज येतात, कामात अडवणूक होते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा नको असलेल्या अशा वागण्याबद्दलच आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, आणि घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करायची असते. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. कॉलेजांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2015 चे नियम आहेत. स्त्रीने नको म्हणून स्पष्ट दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा पाठलाग करणं, संपर्क साधत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. मेसेज पुसून टाकू नयेत, तारखेसह ठेवावेत. संताप आल्यावर माणूस पहिल्यांदा तेच पुसतो.

आमच्या ग्रुपमध्ये तिथवर जावं लागलं नाही. पण सगळं सुरळीत झालं असंही नाही. नोव्हेंबरच्या सबमिशनच्या धांदलीत तो एकदा तिच्यावर विनाकारण चिडला आणि दोन दिवस पुन्हा बोलणं बंद होतं. डिसेंबरच्या सुट्टीने मदत केली. रोज न दिसण्याचे ते चार आठवडे त्याला हवेच होते. जानेवारीत परत आले तेव्हा दोघं टेबलाच्या एकाच बाजूला, मधे एक खुर्ची सोडून बसू लागले. समोरासमोर बसण्यापेक्षा ते सोपं होतं. मैत्री पूर्वीसारखी झाली नाही, स्टेशनपर्यंत ते पुन्हा एकत्र चालले नाहीत, आणि मला वाटतं तसं व्हायची गरजही नव्हती.

मार्चमध्ये ब्लॅक बुकची शेवटची प्रत तपासायला मी लॅबमध्ये गेले होते. प्रिंटिंगवाला पाच वाजता दुकान बंद करणार होता, आकृत्यांचे क्रमांक चुकले होते, चौघंही घाईत होते. तो लॅपटॉपवरून मान वर न करता ओरडला, ‘अगं, ते सर्किटचं पान बदललंस का?’

‘केव्हाच!’ ती म्हणाली. ‘तू अनुक्रमणिका केलीस का?’